बोल, कर्सर आणि झूम: एक्सेलच्या एका शॉर्टकटचा व्हिडिओ कसा बनवायचा

माझी मावशी एका पतसंस्थेत कारकून आहे. तिला पाठवलेला माझा पहिला एक्सेल व्हिडिओ तिने तीनदा बघितला आणि मग फोन केला. "अरे, तू सारखं 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा' म्हणतोस. पण तू बोलत होतास तेव्हा मी माझ्या शीटकडे बघत होते. मान वर करेपर्यंत तुझा बाण पुढे गेलेला."

तिच्या त्या बोलण्यात व्हिडिओचा सगळा दोष आला होता. शिकणारा माणूस पडद्याकडे सलग बघत नसतो. एक डोळा मोबाइलवर, एक समोरच्या कॉम्प्युटरवर, आणि कान तेवढा सतत उघडा. त्यामुळे बोल, कर्सर आणि झूम या तिघांचा मेळ बसला नाही, तर शॉर्टकट कितीही सोपा असला तरी हाती लागत नाही. हा मेळ कसा बसवायचा ते एका खऱ्या शॉर्टकटवर, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत, करून दाखवतो.

कोणता शॉर्टकट

रिकाम्या सेलमध्ये वरचंच नाव एका झटक्यात भरायचा शॉर्टकट घेऊ. सरकारी आणि सहकारी कार्यालयांतून येणाऱ्या याद्यांमध्ये ही अडचण नेहमीची. तालुक्याचं नाव एकदाच लिहिलेलं असतं आणि त्याखालच्या गावांसमोर तो कॉलम कोरा असतो. अशा यादीला फिल्टर लावला की वाई तालुक्याचं एकच गाव दिसतं, बाकीची गायब.

नमुन्यासाठी मी सातारा जिल्ह्याची छोटी यादी केली. A1 मध्ये तालुका, B1 मध्ये गाव, C1 मध्ये खातेदार असे मथळे. A2 मध्ये वाई, आणि B2 पासून भुईंज, बावधन, पसरणी, मेणवली. A6 मध्ये कराड, आणि त्यासमोर व त्याखाली उंब्रज, मसूर, ओगलेवाडी. A9 ला पाटण, गावं मल्हारपेठ आणि ढेबेवाडी. A11 ला फलटण, गावं तरडगाव, साखरवाडी, बरड. यादी A13 ला संपते. एकूण बारा ओळी, चार नावं, आठ रिकामे सेल. यापेक्षा मोठा नमुना घेऊ नका. सगळी यादी न सरकवता पडद्यावर दिसली, तर शेवटचा बदल घडताना बघणाऱ्याला एका नजरेत कळतो.

कृती अशी. A2 ते A13 निवडायचे. Ctrl+G दाबायचं. उघडलेल्या चौकटीत Special, मग Blanks, मग OK. आता फक्त रिकामे सेल निवडलेले राहतात आणि चालू सेल A3 असतो. तिथे बरोबरचं चिन्ह टाइप करून वरचा बाण दाबला की हे दिसतं:

```
=A2
```

मग Ctrl+Enter. आठही सेल भरतात. शेवटी A2 ते A13 पुन्हा निवडून Ctrl+C, मग Ctrl+Alt+V, मग V आणि Enter, म्हणजे सूत्रं जाऊन नुसती नावं उरतात. ही शेवटची पायरी गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. सूत्रं तशीच राहिली आणि कुणी यादी गावाच्या नावाने लावली, तर प्रत्येक सेल आपल्या नव्या शेजाऱ्याचं नाव उचलतो आणि मसूर पाटण तालुक्यात जाऊन बसतं.

मराठी वाक्याचाच ताल धरा

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट आता सांगतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. "खाली डावीकडे Special नावाचं बटण आहे, ते दाबा." या वाक्यात आधी जागा येते, मग वस्तू, मग कृती. कर्सरलाही नेमकं हेच करायचं असतं: आधी त्या भागात जायचं, मग बटणावर थांबायचं, मग क्लिक. वाक्य असं रचलं की कर्सरचा मार्ग त्यातच आखलेला असतो.

इंग्रजी व्हिडिओ बघून बघून आपण "क्लिक करा Special वर" असं बोलू लागतो. मग "क्लिक" हा शब्द कानावर पडतो तेव्हा कुठे क्लिक करायचं हे अजून सांगितलेलंच नसतं. बघणाऱ्याची नजर पडदाभर भिरभिरते, आणि जागा कळेपर्यंत क्लिक होऊन गेलेलं असतं.

म्हणून मी तीन खुणा पक्क्या धरतो. "खाली डावीकडे" म्हणताना कर्सर निघतो. "Special" हा शब्द उच्चारायच्या साधारण अर्धा सेकंद आधी तो बटणावर पोचून स्थिर होतो. "दाबा" मधल्या "दा" वर क्लिक होतं. क्लिक झाल्यावर एक सेकंदभर मी काहीच बोलत नाही, कर्सरही हलवत नाही. नवी चौकट उघडली हे बघायला तेवढा वेळ लागतो.

आणि "इथे" हा शब्द लिहिलेल्या मजकुरातून शोधून शोधून काढून टाका. त्याच्या जागी नाव किंवा दिशा घाला: "A3 मध्ये", "चौकटीच्या तळाशी". मावशीची तक्रार एवढ्यानेच निम्मी मिटली.

बटणं तोंडाने कशी सांगायची

"कंट्रोल प्लस जी" असं म्हणू नका. ऐकणारा खरोखरच प्लस दाबतो, आणि एक्सेलमध्ये कंट्रोलबरोबर प्लस हा स्वतंत्र शॉर्टकट आहे, नवे सेल घालण्याचा. म्हणजे चूक नुसती वाया जात नाही, भलतीच चौकट उघडते. "कंट्रोल दाबून धरा आणि जी दाबा" असं म्हणा. "दाबून धरा" आणि "दाबा" यांतला फरक नुसत्या ऐकण्याने हाताला कळतो.

इशारा नेहमी कृतीच्या आधी यायला हवा. "आता एंटर दाबा, पण कंट्रोल धरून" हे वाक्य ऐकताना "पण" येईपर्यंत बोट एंटरवर पडलेलं असतं. मग फक्त A3 भरतो, बाकीचे सात कोरेच राहतात, आणि शॉर्टकट चालत नाही असं माणसाला वाटतं. त्याऐवजी: "एंटर एकटं दाबायचं नाही. कंट्रोल दाबून धरा, आणि मग एंटर दाबा."

आपल्याकडची खास अडचण कीबोर्डची. यादी मराठीत टाइप केली की कीबोर्ड बरेचदा मराठीवरच राहतो, आणि इन्स्क्रिप्टमध्ये बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबलं की ृ उमटतं. सूत्र सुरूच होत नाही. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणता येतो. हे वाक्य व्हिडिओत घालाच, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आधीच घाला.

मजकूर, कर्सर आणि झूम एका कागदावर

रेकॉर्डिंगला बसण्याआधी मी तीन रकान्यांचा कागद करतो. सगळ्या व्हिडिओचा इथे देत नाही. मधला, सगळ्यात अवघड भाग देतो:

| बोल | कर्सर आणि हात | झूम |
|---|---|---|
| कंट्रोल दाबून धरा आणि जी दाबा. | कर्सर यादीच्या बाहेर, स्थिर. "दाबा" वर कीबोर्ड. पडद्यावर Ctrl+G ही अक्षरं. | पूर्ण पडदा |
| उघडलेल्या चौकटीत, खाली डावीकडे, Special नावाचं बटण आहे, ते दाबा. | "खाली" वर निघा, "Special" आधी पोचा, "दाबा" वर क्लिक. | वाक्याआधीच्या शांततेत चौकटीवर |
| नव्या चौकटीत, डाव्या बाजूला, Blanks लिहिलंय. त्याच्या आधीचा गोल निवडा. | वरून सरळ खाली या, मधल्या पर्यायांवर रेंगाळू नका. | तसाच |
| तळाचं OK दाबा. | क्लिक. | क्लिकनंतर एक सेकंद थांबून पूर्ण पडदा |
| आता माउसला हात लावू नका. कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, बघा. | काहीच नाही. | A1 ते A8 वर |
| बरोबरचं चिन्ह टाइप करा. वरचा बाण एकदाच दाबा. | नुसता कीबोर्ड. | तसाच |

"माउसला हात लावू नका" हे वाक्य ठेवायचं कारण असं की Blanks नंतर कुठेही एक क्लिक झालं तर निवडलेले सेल सुटतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तुमचा स्वतःचा कर्सरही त्या वेळी पडद्यावर हलता कामा नये. तो हलला की बघणाऱ्याचा हात आपोआप माउसकडे जातो.

कीबोर्डच्या पायऱ्यांत कर्सरला दाखवण्यासारखं काही नसतं. तिथे बटणांची नावं मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटवा, आणि ती शब्दाबरोबरच उमटवा. आधी उमटवली तर लोक ऐकायचं सोडून वाचतात आणि पुढे धावतात.

पडद्याची तयारी

बघणारे बहुतेक जण मोबाइलवर बघणार असं धरून चाला. मी पडदा 1920x1080 वर ठेवतो आणि विंडोजच्या Display सेटिंगमधलं Scale १५०% करतो. एक्सेलची शीट कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं की मोठी होते, पण Go To Special ची चौकट त्याने जराही मोठी होत नाही. ती फक्त विंडोजच्या Scale ने वाढते. अनेकांच्या व्हिडिओत शीट छान मोठी दिसते आणि नेमकी ही चौकट मुंगीएवढी, त्याचं कारण हेच.

माउसचा बाण विंडोजच्या सेटिंगमधूनच दोनतीन घरं मोठा करा. त्याच्याभोवती पिवळं वर्तुळ फिरवणारी साधनं मिळतात, मी ती वापरत नाही. ते वर्तुळ Blanks सारख्या बारीक अक्षरांवर बसतं आणि तीच झाकून टाकतं.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात पूर्ण पडदा टिपणारा Display Capture निवडा, Window Capture नको. एक्सेलच्या चौकटी आणि उघडणारे मेनू या तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या खिडक्या असतात, आणि Window Capture मध्ये त्या बरेचदा येतच नाहीत. माझं एक अख्खं रेकॉर्डिंग असं वाया गेलंय: मी Special दाबतोय, Blanks निवडतोय, आणि व्हिडिओत कर्सर मोकळ्या शीटवर नुसताच टिचक्या मारतोय. आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून Ctrl+G ची चौकट दिसते का ते बघा. सूचना बंद करा, आणि दुसऱ्या कुणाचीही खरी यादी नमुना म्हणून उघडू नका.

आधी आवाज, मग पडदा

बोलता बोलता माउस चालवणं जमतं असं वाटतं, पण होतं काय, हात तोंडापेक्षा नेहमी पुढे असतो. आपल्याला बटणाची जागा पाठ असते, त्यामुळे "खाली डावीकडे" म्हणेपर्यंत आपण क्लिक करूनही टाकलेलं असतं. म्हणून मी आवाज वेगळा आणि आधी रेकॉर्ड करतो. एकेक वाक्य सुटं, मध्ये दोन सेकंदांची शांतता. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे "प" आणि "फ" फुटत नाहीत. चुकलं तर अर्ध्या वाक्यापासून न जोडता पूर्ण वाक्य पुन्हा म्हणा. मध्येच जोडलेल्या वाक्याचा सूर हमखास बदलतो.

मग हेडफोन लावून तो आवाज ऐकत पडदा रेकॉर्ड करायचा. ओबीएसमध्ये माइक आणि कॉम्प्युटरचा आवाज दोन्ही बंद ठेवा. कर्सर सरळ रेषेत न्या आणि पोचल्यावर हात माउसवरून उचला. हात माउसवर राहिला की बाण थरथरतो, आणि झूम केल्यावर ती थरथर दुपटीने दिसते. बोलता बोलता "साधारण या भागात" म्हणून बाण गोल गोल फिरवायची सवय बहुतेकांना असते. तीही मोडायला हवी.

प्रत्येक पायरीनंतर दोनतीन सेकंद पडदा पूर्ण स्थिर ठेवा. हा वेळ वाया जात नाही. पुढे सगळी जुळणी याच स्थिर जागांवर होणार आहे.

जुळणी

संपादनासाठी मी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. आवाजाची पट्टी खाली टाकायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. हलवायचं ते चित्र. प्रत्येक क्लिकची जागा शोधा आणि ती "दा" च्या उंचवट्याखाली आणा. आवाजाच्या पट्टीत "दाबा" चा उंचवटा डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

चित्र लवकर आलं तर त्याला थांबवायचं, उशिरा आलं तर स्थिर भाग कापायचा. थांबवण्यासाठी स्थिर जागेवर Ctrl+B ने दोन काप देऊन छोटा तुकडा वेगळा करा, Clip मेनूतून Freeze Frame द्या आणि तो तुकडा हवा तेवढा ताणा. काप कुणाला कळत नाही, कारण त्या क्षणी पडद्यावर काहीच हलत नव्हतं. अपवाद एकच, पण तो महत्त्वाचा. Ctrl+C नंतर निवडलेल्या सेलभोवती तुटक रेघ फिरत असते. तिथे चित्र गोठवलं की रेघ थांबते आणि व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो. म्हणून Ctrl+C आणि Ctrl+Alt+V यांच्यामध्ये गोठवायची वेळ येऊ देऊ नका. रेकॉर्ड करतानाच पाचसहा सेकंद जास्त थांबा आणि नंतर कापा.

झूम

झूम सगळ्यात शेवटी, जुळणी पक्की झाल्यावर. व्हिडिओचे एव्हाना पुष्कळ तुकडे झालेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा झूम दिला की सांध्यावर धक्का बसतो. त्याऐवजी Effects मधून Adjustment Clip घेऊन वरच्या पट्टीवर टाका आणि झूमच्या कीफ्रेम त्यालाच द्या. खालचे तुकडे नंतर पुढेमागे झाले तरी झूम सलग राहतो.

या व्हिडिओला दोनच झूम पुरतात. पहिला चौकटींवर, कारण त्यांतली अक्षरं बारीक आहेत. दुसरा A1 ते A8 वर, कारण `=A2` हे छोटंसं सूत्र दिसणं गरजेचं आहे. दोन्ही ठिकाणी मी Zoom ची किंमत 1.6 च्या वर नेत नाही. 1080 च्या रेकॉर्डिंगवर त्याहून पुढे गेलं की अक्षरांच्या कडा विरघळू लागतात.

वेळ अशी: तीस फ्रेमच्या व्हिडिओत झूमला २० फ्रेम द्या, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आतबाहेर. तो आधीच्या वाक्यानंतरच्या शांततेत सुरू व्हावा आणि पुढच्या वाक्यात कर्सर निघण्यापूर्वी संपावा. झूम चालू असताना कर्सर कधीही हलवू नका. पडदाही सरकतोय आणि बाणही सरकतोय असं झालं की कुणाच्या मागे जायचं ते डोळ्याला कळत नाही, आणि नेमका त्याच क्षणी Special चा शब्द निघून जातो. झूमच्या चौकोनात बाण कुठून येतो तेही दिसलं पाहिजे. बाण चौकटीबाहेरून अचानक आत उगवला तर चौकोन थोडा मोठा घ्या.

Ctrl+Enter च्या आधी मात्र पूर्ण पडद्यावर परत या, आणि ते वाक्य सुरू होण्यापूर्वीच परत या. या शॉर्टकटची सगळी गंमत आठ सेल एकदम भरण्यात आहे. जवळून फक्त वाईखालचे तीन आणि कराडखालचे दोन भरताना दिसतील. ते भरल्यावर मी पूर्ण दोन सेकंद गप्प राहतो.

तपासणी

आधी आवाज बंद करून बघा. प्रत्येक क्लिक कशावर झालं ते नुसत्या चित्रावरून सांगता आलं पाहिजे. मग मोबाइल उलटा ठेवून नुसतं ऐका आणि कोऱ्या यादीवर स्वतः करत जा. पडद्याकडे बघावंसं वाटलं, की त्या वाक्यात जागेचं नाव राहिलंय असं समजा आणि तेवढं वाक्य पुन्हा रेकॉर्ड करा.

ऐकता ऐकता एक संदेश येऊ शकतो: `No cells were found.` नमुन्यातल्या रिकाम्या दिसणाऱ्या सेलमध्ये कुणीतरी स्पेस दाबून ठेवली की एक्सेल त्यांना रिकामं मानत नाही. खऱ्या याद्यांमध्ये हे वारंवार होतं. म्हणून व्हिडिओच्या शेवटी मी एक वाक्य जोडतो: "असा संदेश आला तर एक रिकामा सेल निवडा, डिलीट दाबा आणि पुन्हा करून बघा. तेवढा एक सेल सापडला, तर बाकीच्यांत स्पेस आहे."

तिसरी तपासणी मावशीकडे. मी शेजारी बसतो, काही बोलत नाही, आणि ती व्हिडिओ कुठे थांबवते ते कागदावर टिपतो. या व्हिडिओत ती दोनदा थांबली. एकदा Blanks शोधताना आणि एकदा Ctrl+Alt+V ला, कारण तीन बटणांसाठी दोन्ही हात जुळवायला तिला वेळ लागला. दोन्ही वाक्यांनंतर आता दीड दीड सेकंद जास्त आहे, आणि Ctrl+Alt+V चं वाक्य बदलून असं केलंय: "डाव्या हाताने कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, उजव्या हाताने व्ही दाबा."